टीएचआरचं साठा रजिस्टर: वहीत १७, फळीवर १९. ही दोन पाकिटं आली कुठून?

अंगणातली

नमस्कार सगळ्यांना. मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात अंगणवाडी सेविका आहे, आठ महिने झाले लागून. आधीच्या बाई रिटायर झाल्या आणि सगळी रजिस्टरं माझ्या गळ्यात पडली. बाकीचं जमतंय, पण टीएचआरच्या, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटांच्या, साठा रजिस्टरनं डोकं खाल्लंय म्हणून इथं लिहितेय. सोमवारी तपासायला येणाऱ्या मुख्यसेविका मॅडमची भेट आहे.

सहा महिने ते तीन वर्षाच्या लेकरांचंच सांगते, मातांची पाकिटं वेगळी असतात आणि त्यांचा हिशेब जुळलाय. एक नोव्हेंबरला मागची शिल्लक ११ पाकिटं होती, ती मी स्वतः मोजली होती. सहा तारखेला टेम्पो आला, चलनावर ८४, म्हणजे १२-१२ ची सात खोकी. यादीत लेकरं २८, एका लेकराला महिन्याला ३ पाकिटं. एकूण झाली ९५. सात तारखेला वाटप केलं, वाटप रजिस्टरला २६ सह्या आणि अंगठे आहेत, म्हणजे ७८ गेली. ९५ वजा ७८, राहिली १७. हेच साठा रजिस्टरला लिहिलं.

काल रात्री सहज मोजली तर फळीवर १९! तीनदा मोजली, मदतनीस ताईंनी पण मोजली, १९च. कमी असती तर समजलं असतं की कुणाला जास्त गेली, पण जास्त कशी होतील? आता १७ खोडून १९ करू का दोन पाकिटं कुणाला देऊन टाकू?

हिशेबी_माणूस

ताई टेन्शन घेऊ नका, जास्त भरली तर चांगलंच की, कमी भरली असती तर रिकव्हरी लागली असती. मी सोसायटीत अकाउंट बघतो, आमच्याकडे वर्षाच्या शेवटी माल मोजला की फरक निघतोच, एक अ‍ॅडजस्टमेंटची ओळ टाकायची, "प्रत्यक्ष मोजणीनुसार अधिक २", सही करायची आणि पुढं जायचं. फक्त व्हाइटनर लावू नका. खोडाखोड दिसली की ऑडिटवाला तिथंच बसतो.

खडूस_काका

दोनच जास्त? आमच्या गावात तर पाकिटं म्हशीच्या घमेल्यात दिसतात. रजिस्टर मात्र एकदम टकाटक, एक खाडाखोड नाही.

अंगणातली

काका, म्हशीला घालतात ते घरी नेल्यावर. चव आवडत नाही लेकरांना, हे मी पण मॅडमना सांगितलंय. पण माझ्या फळीवरच्या १९ चं काय ते सांगा.

जुनी_मुख्यसेविका

मी २६ वर्षं मुख्यसेविका होते, आता घरी नातवंडं सांभाळते, म्हणून जरा लांब लिहिते, राग मानू नको.

पहिली गोष्ट, दोन पाकिटं कुणाला देऊन टाकायचा विचार डोक्यातनं काढ. आणि हिशेबी भाऊ म्हणतात तशी नुसती अ‍ॅडजस्टमेंटची ओळ पण आत्ताच टाकू नकोस. ओळ टाकायची, ती बरोबर आहे, पण कारण सापडल्यावर.

आता जास्त भरलं ते चांगलं की वाईट? दुकानात चांगलं असेल बाई, अंगणवाडीत नाही. फळीवर माल कमी भरला तर अर्थ असा की न लिहिता कुणीतरी नेला, किंवा टेम्पोवाल्यानं कमी उतरवला. जास्त भरला तर अर्थ असा की कुणाच्या तरी नावापुढं सही आहे पण पाकीट त्या घरी गेलंच नाही. मी भेटीला जायचे तेव्हा शिल्लक कमी निघाली तर सेविकेला विचारायचे, पण जास्त निघाली तर उठून सह्यांच्या घरी जायचे.

दुसरं. तू फरक २ म्हणतेस. फरक कधी दोनाचा नसतो. लेकराला तीन-तीन देतेस ना? मग एक लेकरू चुकलं तर फरक तीनाचा यायला पाहिजे, दोन लेकरं चुकली तर सहाचा. दोन आलाय म्हणजे आत एकापेक्षा जास्त चुका आहेत, काही अधिक, काही वजा, आणि त्या एकमेकीला खाऊन दोनवर आल्यात. त्या सुट्या कर. मी विचारते त्याची उत्तरं दे:

खोकी उतरवताना उघडून मोजलीस का नुसती सात खोकी बघून चलनावर सही केलीस? फळीवरच्या १९ मध्ये जुन्या बॅचची किती आणि नव्या बॅचची किती, पाकिटाच्या मागं छापलेलं असतं ते बघून सांग. आणि २६ सह्यांपैकी अशा किती की ज्या घेताना तू स्वतः समोर नव्हतीस किंवा ज्यांचं माणूस दुसऱ्या दिवशी आलं?

चुलीजवळ

आमचा बचत गट आहे, आम्ही अंगणवाडीला गरम आहार देतो. ताई ह्यात अवघड काय आहे, रोजची हजेरी बघायची, तेवढ्या लेकरांचं शिजवायचं आणि संध्याकाळी किती वाटी लागली ते लिहायचं. आमचं कधी मागंपुढं होत नाही. हजेरी २२ तर २२ चंच बिल.

जुनी_मुख्यसेविका

चुलीजवळ ताई, तुमचं तीन ते सहा वर्षाच्या लेकरांचं, ती येऊन बसून खातात, तिथं हजेरीवर हिशेब बरोबर. हिचं घरपोच पाकिटांचं आहे. ती लेकरं अंगणवाडीत येतच नाहीत, आई नाहीतर आजी येते, महिन्यातून एकदा येते, आणि त्या एका दिवशी पंचवीस दिवसांचं घेऊन जाते. एक सही चुकली की लेकराचा अख्खा महिना चुकला.

चुलीजवळ

हां हां मग बरोबर. मला वाटलं आमच्याच रजिस्टरचं आहे. पण बिल आमचंही वेळेवर निघत नाही हे पण लिहून ठेवते.

अंगणातली

बाई, तुमचं वाचून पोटात गोळाच आला. आज रविवार, सकाळपासून हेच करतेय. एकेक सांगते.

खोकी मी उघडून मोजली होती, सातही, प्रत्येकात बारा. तिथं काही नाही.

बॅच बघितली तर १९ मध्ये जुनी ४ निघाली, नवी १५. मला वाटत होतं जुनी सगळी संपली. झालं असं की टेम्पोवाल्यानं नवी खोकी पुढं रचली आणि वाटपाच्या दिवशी मदतनीस ताईंनी पुढची पुढची उचलून दिली. जुन्या चारची मुदत आधी संपणार.

आणि सह्यांचं. दोन अंगठे आहेत एकाच आजींचे. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेलेत, दोन्ही नातवंडं बरोबर. आजी सात तारखेला आल्या, म्हणाल्या पोरगा शनिवारी मोटरसायकलवर येणार आहे, पाकिटं त्याच्याकडं देते, तोवर इथंच राहू दे, घरात उंदीर फार आहेत. मी दोघांच्या नावापुढं अंगठा घेतला आणि सहा पाकिटं बाजूला ठेवली. पोरगा आलाच नाही. मी विसरले, आणि ताईंनी ती परत फळीत घातली.

म्हणजे सहा जास्त व्हायला पाहिजेत. पण दोनच आहेत. मग उरलेली चार कुठं गेली?

खडूस_काका

आता आलं मुद्द्यावर.

अंगणातली

काका जरा थांबा हो.

लेक_माहेरची

मधेच बोलते, माझा अनुभव. मी बाळंतपणाला माहेरी आले, बाळ आठ महिन्याचं होईपर्यंत राहिले. इथल्या अंगणवाडीत गेले तर म्हणाल्या तुमचं नाव सासरच्या गावात आहे, तिकडनं घ्या. सासरची सेविका म्हणाली तुम्ही इथं नाही, सही कशी घेऊ. दोन महिने काहीच मिळालं नाही. मग इथल्या बाईंनी एकदा तशीच तीन पाकिटं दिली, कुठं लिहिलं नाही बहुतेक. तुमच्याकडं असं कुणी आहे का माहेरवाशीण?

अंगणातली

अरे देवा. आहे! तुमच्यामुळं आठवलं. पाटलांच्या वस्तीवरची लेक आलीय, तिचं लेकरू दीड वर्षाचं. वाटपाच्या दिवशी ती वहिनीबरोबर आली होती, वहिनीच्या लेकराची पाकिटं न्यायला. तिचं लेकरू कडेवर, बघून वाईट वाटलं म्हणून तिला पण ३ दिली. यादीत नाव नाही म्हणून सही कुठं घेणार, तर घेतली नाही. म्हणजे सहातनं तीन गेली. आता एकच शोधायचंय.

अंगणातली

सापडलं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, एक पाकीट उंदरानं कुरतडलेलं होतं, जुन्या खोक्यातलं, त्यांनी उकिरड्यावर टाकलं. मला सांगायचं राहून गेलं.

जुनी_मुख्यसेविका

शाब्बास. आता मांड बघू. वहीतली शिल्लक १७. आजींकडं न गेलेली ६ मिळव, झाली २३. माहेरवाशिणीच्या लेकराला दिलेली ३ वजा, राहिली २०. उंदराचं १ वजा, १९. बसलं का?

बॅचवरनं पण ताळा करून बघ. नवी ८४ आली, १५ उरली, म्हणजे ६९ गेली. जुनी ११ होती, ४ उरली, एक उंदरानं खाल्लं, म्हणजे ६ वाटली. ६९ आणि ६ मिळून ७५. आता माणसं मोज: २६ सह्यांतले ऊसतोडीचे दोन वजा, राहिले २४, त्यांची ७२, आणि माहेरच्या लेकराची ३. ७५च. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला म्हणजे आता आत दुसरं काही लपलेलं नाही असं मानायला हरकत नाही.

आणि हिशेबी भाऊ, तुमच्यासाठी. समजा उंदरानं तीन पाकिटं खाल्ली असती. मग वहीत १७ आणि फळीवर पण १७. हिला कधी कळलंच नसतं, आणि ऊसतोडीच्या दोन लेकरांच्या नावावर दर महिन्याला अंगठे लागत राहिले असते.

हिशेबी_माणूस

मान्य बाई. आमच्याकडं मालाला तोंड नसतं म्हणून चालून जातं. पण एक सांगा, आता हे लिहायचं कसं? मागच्या तारखेत घुसवायचं का?

जुनी_मुख्यसेविका

मागच्या तारखेला हात लावायचा नाही. सात तारखेची १७ तशीच राहू दे. आजच्या तारखेला साठा रजिस्टरमध्ये नवी ओळ, "प्रत्यक्ष मोजणी", आणि त्याखाली तीन कारणं वेगवेगळ्या ओळीत. पहिल्या ओळीत ६ परत जमा, कारण "लाभार्थी स्थलांतरित, वाटप झाले नाही". वाटप रजिस्टरला त्या दोन नावांपुढं आडवी एक रेघ, खालचा अंगठा दिसला पाहिजे, बाजूला शेरा आणि तुझी सही. दुसऱ्या ओळीत ३ वाटप, त्या बाईला बोलावून आजच्या तारखेची सही घे, लेकराचं नाव, सासरचं गाव आणि तिथली अंगणवाडी लिही. पण त्याआधी तिथल्या सेविकेला फोन करून विचार की तिनं नोव्हेंबरचं त्याच्या नावावर काही वाटप दाखवलंय का. दाखवलं असेल तर एका लेकराला दोन ठिकाणी गेलं, मग तुझ्या मनानं लिहू नकोस, मॅडमना सांग.

तिसरी ओळ उंदराची. ती अवघड आहे कारण पाकीट टाकून दिलंय. खराब माल टाकायचा नसतो गं. पिशवीत बांधून वेगळा ठेवायचा, मॅडमना दाखवायचा, त्यांच्यासमोर आणि गावातल्या एक-दोन आयांसमोर पंचनामा करून मग नष्ट करायचा. आता तू ताईंचा जबाब लिहून घे, बाकी मॅडम काय म्हणतात बघ.

आणि सगळ्यात आधी सोमवारी मॅडम आल्या की तू स्वतः हे पान उघडून दाखव. त्यांनी काढल्यावर सांगितलेलं आणि आपण आधी सांगितलेलं ह्यात फार फरक पडतो.

सेविका_वर्धा

मी पण सेविका, १४ वर्षं झाली. बाईंचं सगळं बरोबर. पण ताई तुझ्या २८ पैकी २६ सह्या, मग उरलेले दोन कोण?

अंगणातली

एक कुटुंब पुण्याला गेलंय कामाला, ते आलेच नाहीत. दुसऱ्याला दोन नोव्हेंबरला तीन वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्याला दिली नाहीत.

सेविका_वर्धा

दुसऱ्याला द्यायला पाहिजे होती. एक तारखेला त्याचं नाव यादीत होतं, मागणी पण त्याच्यासकट गेली होती म्हणून तर ८४ आली. आमच्याकडं महिन्याच्या सुरुवातीला यादीत जो आहे त्याला तो महिना पूर्ण देतो.

जुनी_मुख्यसेविका

इथं माझं थोडं वेगळं मत आहे. दोन तारखेला तीन वर्षं झाली म्हणजे तीन तारखेपासून तो गरम आहाराला बसू शकतो. घरची पाकिटं पण नेली आणि इथं पण जेवला तर एका लेकराचे एकाच दिवसाचे दोन आहार लागले. हिनं सात तारखेला वाटप केलं, तेव्हा तो तीनच्या पुढं गेला होता. मी असते तर नाव वरच्या यादीत घेतलं असतं.

सेविका_वर्धा

बाई पण तो येतो का जेवायला? तीन वर्षं झाली म्हणून लगेच कोण पाठवतं. मधले पंधरा दिवस त्याला ना पाकीट ना खिचडी. आमच्या मॅडमनीच असं सांगितलंय आम्हाला.

अंगणातली

खरंच तो येत नाही अजून. रडतो.

जुनी_मुख्यसेविका

हे खरंय, असं लेकरू मधे लटकतं. मॅडमना विचार, आणि काय सांगतील ते भेट-वहीत त्यांच्या हातानं लिहून घे.

हिशेबी_माणूस

पण आता तर सगळं मोबाइलवर आहे ना, पोषण ट्रॅकर का काय. चेहऱ्याचा फोटो काढल्याशिवाय वाटपच होत नाही असं पेपरात वाचलं होतं. मग वही कशाला?

अंगणातली

दादा तेच सांगायचं राहिलं. अ‍ॅपमध्ये माझं वाटप २१ दिसतंय! सह्या २६, खरं मिळालेली लेकरं २५ आणि मोबाइलवर २१. दोघींचा चेहरा जुळेना, उन्हात नेऊन, सावलीत आणून, पदर मागं घेऊन सगळं करून बघितलं. एकीचं ई-केवायसीच झालेलं नाही, आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय. आणि माहेरवाशिणीचं लेकरू माझ्या यादीतच नाही. ऊसतोडीच्या दोघांचं तर होणारच नव्हतं, फोटो आईचा लागतो, आल्या होत्या आजी.

सेविका_वर्धा

आमच्याकडं पण हेच. चेहरा जुळला नाही म्हणून बाईला रिकाम्या हातानं परत पाठवायचं का? मी देते आणि वहीला सही घेते. मग अ‍ॅप आणि वही जुळत नाही म्हणून मिटिंगमध्ये आपणच उभं राहायचं.

जुनी_मुख्यसेविका

ह्या अ‍ॅपच्या आधीच मी सुटले, त्यामुळं जास्त बोलत नाही. पण बघ, तुझ्या वहीतली ती आजींच्या अंगठ्याची चूक अ‍ॅपमध्ये झालीच नाही, कारण तिथं आजींना आईच्या जागी उभं करता आलं नाही. आणि ज्या तिघींना खरोखर दिलंस त्या तिथं दिसत नाहीत. एक जास्त दाखवतंय, एक कमी. म्हणून वाटपाच्या दिवशीच वाटप रजिस्टरच्या शेरा रकान्यात तिघींपुढं लिहायचं, चेहरा जुळला नाही, ई-केवायसी नाही, असं साध्या शब्दात. महिन्याच्या शेवटी आठवत नाही.

माहेरवाशिणीचं आणि ऊसतोडीचं नाव अ‍ॅपमध्ये दुसऱ्या अंगणवाडीकडं पाठवता येतं म्हणतात, ते करून घे. कारखान्यावर जी लेकरं गेलीत त्यांना तिथल्या अंगणवाडीत मिळायला पाहिजे.

खडूस_काका

कारखान्यावर कुठली अंगणवाडी बाई. मी सांगली साइडला टोळ्या बघितल्यात, पालं गावापासनं दोन-तीन किलोमीटर लांब. बाई पहाटे चारला फडात जाते, पाकीट आणायला कधी जाणार. ह्या आजी अंगठा देऊन ठेवत होत्या ते काय चुकीचं केलं?

जुनी_मुख्यसेविका

काका, आजींचं चुकलं असं मी म्हटलं नाही. अंगठा पाकीट हातात दिल्यावर घ्यायचा, एवढंच म्हटलं.

लेक_माहेरची

पहिल्यांदा काकांशी सहमत.

अंगणातली

अपडेट देते. आज मॅडम येऊन गेल्या. मी आधीच पान उघडून ठेवलं होतं. त्यांनी स्वतः १९ मोजली, बॅच बघितली, जुनी चार पुढं ठेवायला लावली आणि खोक्यावर खडूनं आल्याची तारीख लिहायला सांगितली. सहाच्या आणि तीनच्या ओळीवर सही केली. माहेरवाशिणीच्या सासरच्या सेविकेला माझ्यासमोरच फोन लावला, तिनं नोव्हेंबरचं काही दाखवलेलं नव्हतं, सुटले. उंदराच्या ओळीवर मात्र सही केली नाही, म्हणाल्या मी वर विचारते, तोवर "खराब १, निर्णय प्रलंबित" असं राहू दे. तीन वर्षाच्या लेकराचं पण वर विचारते म्हणाल्या.

आता नवीनच. आत्ता हे लिहिताना आजी दारात आल्यात, पिशवी घेऊन. पोरगा आलाय म्हणे, रात्रीच परत निघणार आहे, सहा पाकिटं द्या. आणि मी सकाळीच ती परत जमा करून मॅडमची सही घेतलीय. बाई, ऑनलाइन आहात का?

जुनी_मुख्यसेविका

आहे. बापाला आत बोलाव, आधी मॅडमना फोन लाव.